शंभर शब्दांत अख्खी गोष्ट: मांडणी, वळण आणि शेवट बसवायचा कसा

अलक, म्हणजे अति लघु कथा, लिहायला घेणाऱ्याची पहिली अडचण शब्दांची नसते. शब्द कमी करता येतात. अडचण ही असते की हातात गोष्टच नसते, नुसतं चित्र असतं. भेगाळलेली जमीन, बांधावर बसलेला म्हातारा, आभाळाकडे लागलेले डोळे. आपल्या विदर्भात असं चित्र कुणालाही जमतं आणि वाचणाराही मान हलवतो, पण त्यात काही घडलेलं नसतं. म्हातारा पहिल्या ओळीत जिथं होता तिथंच शेवटच्या ओळीत आहे.

गोष्ट पुरी झाली की नाही ते ओळखायला एकच प्रश्न पुरतो: सुरुवातीला जे चालू होतं ते शेवटी तसंच चालू राहू शकतं का? राहू शकत असेल तर ते चित्र आहे. राहू शकत नसेल, आणि ते कुणाच्या तरी करण्यामुळं असेल, तर कथानक आहे.

इथं आपण एकच अलक पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या शब्दापर्यंत रचू. विषय कापूस वेचणीचा घेतो, कारण त्यातली प्रत्येक वस्तू वाचकाला ठाऊक आहे आणि समजावून सांगण्यात शब्द जात नाहीत.

आधी चालत आलेली रीत शोधा

छोट्या कथेसाठी नवलाची घटना शोधत बसू नका. दोन माणसांत गुपचूप चालत आलेली एखादी रीत शोधा, जी दोघांनाही माहीत आहे आणि कुणी तोंडानं बोलत नाही. गावात अशा रीती ढिगानं सापडतात. सालदाराला ठरलेल्यापेक्षा दोन पायल्या कमी मिळतात. धुरा दरवर्षी वखराच्या एका पाशीनं सरकतो. सकाळच्या दुधात पाणी असतं, संध्याकाळच्या नसतं.

आपली रीत अशी: वेचणीच्या बायांना मजुरी किलोमागं मिळते. संध्याकाळी झाडाला काटा टांगतात, गाठोडं आकड्याला अडकवतात, वहीत आकडा लिहितात. मालकाचा काटा दर गाठोड्यामागं अर्धा किलो कमी दाखवतो. बायांना ते माहीत आहे. म्हणून त्यातली एक बाई गाठोड्यात अर्ध्या किलोचा दगड घालते.

आता ही रीत तीन वाक्यांत मांडा. रोज काय होतं, आज काय झालं, आणि त्यामुळं कुणी काय केलं.

रोज काटा अर्धा किलो खातो, म्हणून सुभद्रा अर्ध्या किलोचा दगड घालते. पण आज काट्यावर बसलेली मालकाची नवी सून स्वतःहून अर्धा किलो वाढवून लिहिते. म्हणून सुभद्रा दगड काढून टाकते.

जोडशब्दांकडं बघा. दुसरं वाक्य ‘पण’नं सुरू होतं, तिसरं ‘म्हणून’नं. तुमच्या तीन वाक्यांना ‘आणि’, ‘मग’, ‘त्यानंतर’ एवढेच शब्द जोडत असतील तर ती दिनचर्या झाली. तिथंच थांबा आणि दुसरी रीत शोधा. ही तीन वाक्यं जमल्याशिवाय एकही ओळ लिहू नये असं माझं मत आहे. पुढं भाषेनं सावरून घेऊ म्हणणारा सहसा सावरत नाही.

वळण म्हणजे धक्का नव्हे

या पायरीवर जरा जास्त वेळ थांबतो, कारण नव्या लिहिणाऱ्यांच्या बहुतेक अलका इथंच फसतात.

सुभद्राची गोष्ट दिली तर दहातले आठ जण ती अशी लिहितील: सुभद्रा दिवसभर राबते, संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढतं, सून कौतुकानं आकडा वाचते, आणि शेवटच्या ओळीत गाठोडं फाटून दगड बाहेर पडतो. लिहिणारा खूश, वाचणारा क्षणभर चकित. पण त्या क्षणानंतर गोष्टीत काही उरत नाही. वाचकाला जे माहीत असायला हवं होतं ते लेखकानं हातचं राखून ठेवलं, एवढंच घडलं. सुभद्राच्या आयुष्यात काही वळलं नाही. वळली ती फक्त वाचकाची माहिती.

खरं वळण तेव्हा येतं जेव्हा वस्तू तीच राहते आणि तिचा अर्थ पलटतो. पहिल्या ओळीत तो दगड हक्काचा आहे. काटा अर्धा किलो खातो, दगड अर्धा किलो भरून काढतो, हिशेब बरोबर. सुनेनं अर्धा किलो वाढवून लिहिला त्याच घडीला तो दगड चोरीचा झाला. सुभद्रानं काहीच नवं केलेलं नाही, तरी ती आता चूक ठरते आहे. हे वाचकाच्या डोळ्यांसमोर घडायला हवं असेल तर दगड त्याला आधीपासून माहीत असलाच पाहिजे. म्हणून दगड लपवायचा नाही. पहिल्या दोन वाक्यांतच, उघड सांगून टाकायचा.

वजनही नेमकं लागतं. दगड एक किलोचा करून बघा. मग सुभद्रा पहिल्यापासूनच अर्धा किलो चोरते आहे आणि सुनेच्या वागण्यानं तिच्यात पडणारा फरक पुसट होतो. पाव किलोचा केला तर ती अजूनही नुकसानीतच आहे, तिच्यावर काही येऊन पडत नाही. काट्याची खोट आणि दगड बरोबरीचे असले तरच वळण टोकदार येतं. वळण बोथट वाटत असेल तर वळणाची वाक्यं घासत बसू नका. मांडणीतलं माप तपासा, बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो.

वळण कुणाच्या हातून यावं, हेही ठरवायला हवं. साप चावणं, वीज पडणं, फोन येणं, स्वप्नातून जाग येणं ही बाहेरून आणलेली वळणं. ती कुठल्याही गोष्टीत बसतात, म्हणून कुठल्याच गोष्टीची नसतात. आपल्याकडं त्यात आणखी एक भर पडली आहे, शेतकऱ्याच्या आत्महत्येची. ते दुःख खरं आहे आणि त्यावर लिहिलंही पाहिजे. पण शंभर शब्दांत, आधी काहीही न पेरता, शेवट हवा म्हणून दोर किंवा औषधाचा डबा आणणं मला पटत नाही. मेलेल्या माणसाबद्दल त्यात काही कळत नाही आणि कथेतला प्रश्नही सुटत नाही, नुसता संपतो. वळण शक्यतो दुसऱ्या एखाद्या माणसाच्या वागण्यातून यावं आणि त्याला उत्तर मुख्य माणसानं द्यावं. आपल्या गोष्टीत सून वागते, सुभद्रा उत्तर देते.

कुणाच्या पाठीमागं उभं राहायचं

निर्णय ज्याला घ्यायचा आहे, गोष्ट त्याच्या बाजूनं सांगा. सुनेच्या बाजूनं सांगितली तर तिला दगड माहीत नाही, म्हणजे आपण पुन्हा शेवटच्या धक्क्याकडं घसरतो. मालकाच्या बाजूनं सांगितली तर तो काट्यापाशी नाहीच. सुभद्राला दोन्ही माहीत आहे, आणि पेच तिच्यावरच येतो. म्हणून गोष्ट तिची.

शंभर-दीडशे शब्दांत बोलणारी माणसं दोनच ठेवा. तिसरं माणूस उल्लेखात चालतं. आपल्याकडं मालक तसा आहे: तो समोर कधी येत नाही, पण त्याचा काटा येतो आणि तेवढं पुरतं.

सुरुवात वळणाच्या जवळून

पहिल्या खर्ड्याची सुरुवात बहुतेक अशी उतरते:

“पहाटेचा गार वारा सुटला होता. कोंबड्यानं बांग दिली तशी सुभद्रा उठली. तिनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. पोरगा पुण्याला कंपनीत होता, पण पैसे पाठवत नव्हता. शिवारात पांढराशुभ्र कापूस फुटला होता, जणू धरतीनं चांदण्याचं लुगडं नेसलं होतं.”

यातलं एकेक वाक्य बोटानं झाकून पुढचं वळण वाचा. वळण कळतं का? कळत असेल तर झाकलेलं वाक्य गेलं. वारा गेला, कोंबडा गेला, भाकरी गेली. चांदण्याचं लुगडं तर बोट ठेवायच्या आधीच जायला हवं होतं.

मेलेला नवरा आणि पैसे न पाठवणारा पोरगा यांच्याशी थोडी झटापट होते. लिहिणाऱ्याला वाटतं की यांच्यामुळं बाईची गरज कळते. पण इथं नेमकी उलट गोष्ट होते. तिची लाचारी वाढवली की वाचक तिला दगडाची परवानगी देऊन टाकतो, आणि मग तिनं तो काढला हा चांगुलपणाचा नमुना वाटू लागतो. अर्ध्या किलोची मजुरी काही फार नाही. ती रक्कम लहान आहे म्हणूनच ही गोष्ट चालते. नवरा आणि पोरगा दोघंही काढा.

दिवस संपतानाचा, काटा टांगलेला क्षण उरतो. तिथूनच सुरू करायचं. आधीचं जे लागतं ते ‘घालायची’ अशा रोजच्या क्रियापदात मावतं. ‘गेल्या तीन हंगामांपासून ती दररोज’ असं लिहायची गरज पडत नाही, एवढा काळ त्या एका रूपात आपसूक येतो. ‘माहीत होतं’ यानंही तेच काम होतं. अलक लिहिणाऱ्यानं या क्रियापदांकडं नीट लक्ष द्यावं: रोजचं सांगायला ‘-यची’, आजचं सांगायला साधा भूतकाळ, आणि मध्ये ‘आज’ हा एक शब्द. मांडणी संपून गोष्ट सुरू झाल्याचं वाचकाला त्या एका शब्दानं कळतं.

शेवट करण्यातून, सांगण्यातून नव्हे

सून वाढवून लिहिते, सुभद्राला पेच पडतो. आता काय? तीन शेवट समोर येतात.

पहिला: “सुभद्राच्या डोळ्यांत पाणी तरळलं.” हा शेवट नाही. दगड अजून गाठोड्यातच आहे आणि उद्याही राहील. डोळ्यांतलं पाणी निर्णयाच्या जागी उभं केलं की कथानक उघडंच राहतं.

दुसरा: ती दगड काढून सुनेच्या पायाशी ठेवते आणि सगळं कबूल करते. यात निर्णय आहे, पण दगडाबद्दल वाचकाला आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगण्यात वीस-पंचवीस शब्द जातात, आणि नाटक होतं. दहा बाया रांगेत उभ्या असताना वेचणारी बाई असं करेल का, हेही विचारून बघा.

तिसरा: ती काहीतरी निमित्त करून गाठोडं उतरवते, आडोशाला जाते, परत येते, आणि वजन पुन्हा होतं. दगडाचा शब्दही निघत नाही. आकडा अर्ध्या किलोनं उतरतो एवढंच. मांडणीत आलेला ‘अर्धा किलो’ शेवट करतो.

यानंतर कथेखाली एक ओळ टाकायचा मोह होतो. प्रामाणिकपणा अजून जिवंत आहे, वगैरे. आपल्या मातीत गोष्ट आणि अर्थ शेजारी ठेवायची रीत फार जुनी आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त लावले, त्यात आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक असतं. तिथं ते हवंच होतं, कारण गोष्ट तत्त्व समजावण्यासाठी सांगितली होती. अलकेत मात्र मधला भागच तेवढा ठेवायचा. सूत्र आणि दार्ष्टान्तिक वाचकाकडं सोपवायचं.

पूर्ण झालेली अलक

अर्धा किलो

मालकाचा काटा गाठोड्यामागं अर्धा किलो खातो, हे कापूस वेचणाऱ्या सगळ्या बायांना माहीत होतं. म्हणून सुभद्रा अर्ध्या किलोचा दगड कापसात घालायची. तेवढाच, जास्त नाही.

आज काट्यापाशी मालकाची नवी सून बसली होती.

“अठरा,” तिनं काटा वाचला आणि वहीत साडेअठरा लिहिले.

“वाढवून काहून लिव्हलं वं बाई?”

“मामंजीचा काटा अर्धा किलो कमी दाखोते. काल युरियाचं बंद पोतं मोजलं तवा समजलं.” तिनं मान वर केली नाही. “आता रोज असंच लिव्हीन.”

सुभद्रानं गाठोडं आकड्यावरून उतरवलं.

“थांब जरा. पाला रायला वाटते याच्यात.”

ती बंडीमागं गेली. आली, गाठोडं पुन्हा अडकवलं.

सुनेनं काटा पाहिला. मग सुभद्राकडं पाहिलं.

“साडेसतरा.”

“मंग अठरा लिव्ह,” सुभद्रा म्हणाली.

मोजून आणि तपासून

शीर्षक सोडून हे 94 शब्द आहेत. ‘बसली होती’पर्यंत मांडणी, 30 शब्द. ‘असंच लिव्हीन’पर्यंत वळण, 35 शब्द. उरलेला शेवट 29 शब्दांचा. तिन्ही भाग जवळपास सारखे आले, पण तसं यायलाच हवं असं काही नाही. लक्ष एका गोष्टीकडं द्या: मांडणी निम्म्याच्या पुढं गेली तर वळणाला घाई होते. अपुऱ्या अलकेत साठ-सत्तर शब्द वातावरणात गेलेले असतात आणि वळण व शेवट एकाच वाक्यात कोंबलेले असतात.

आकडे असतील तर वेगळ्या कागदावर हिशेब करा. कापूस खरा अठरा किलो. दगडासकट साडेअठरा, पण काटा दाखवतो अठरा. सून अर्धा वाढवून साडेअठरा लिहिते, म्हणजे दगडाचेही पैसे मिळतात. दगड काढल्यावर काटा साडेसतरा दाखवतो, अर्धा वाढवला की अठरा, आणि तोच खरा कापूस. पैसे, वजन, वय, तारीख यातलं काहीही चुकलं तर वाचक तिथंच अडतो आणि शंभर शब्दांत त्याला परत आणायला जागा नसते.

सुनेला काट्याची खोट कशी कळली, हा प्रश्नही येणारच. पहिल्या खर्ड्यात तिथं ‘मला माहीत आहे’ एवढंच असतं आणि ते लटकं वाटतं. युरियाच्या बंद पोत्यावर 45 किलो छापलेलं असतं, त्यामुळं ते अडकवलं की काटा किती खातो ते कुणालाही कळेल. सात शब्द गेले, पण वळणाला पाया मिळाला. जिथं वाचक ‘हे कसं काय?’ म्हणेल तिथं शब्द खर्च करायला कचरू नये. कंजुषी करायची ती वाऱ्यावर आणि चांदण्यावर.

अर्धा किलो पाला काही गाठोड्यातून निघत नाही. सुनेलाही ते कळलेलं असणार, म्हणून ती सुभद्राकडं बघते. कुणाला ते दिसेल, कुणाला नाही. ज्याला दिसलं नाही त्याचीही गोष्ट पुरी होते, हे मात्र पाहून घ्यावं.

बोलीबद्दल थोडं. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत ठेवलं की ‘काहून’, ‘लिव्ह’, ‘दाखोते’ एवढ्यावर गाव उभं राहतं, वर्णन लागत नाही. पण बोली तुमच्या कानातली असू द्या. भंडारा-गोंदियाकडचं माणूस अकोल्यासारखं बोलत नाही, आणि ऐकीव वऱ्हाडी लगेच ओळखू येते.

या मापात न मावणाऱ्या गोष्टीही असतात. दोन भावांचं शेत वाटणीत गेलं, वीस वर्षं अबोला राहिला, पुढं एकाच्या मुलीच्या लग्नात समेट झाला: यात दोन वळणं आहेत आणि मधला काळ सोसल्याशिवाय समेटाला वजन नाही. ती हजार-दोन हजार शब्दांची कथाच आहे. अलक हवी असेल तर त्यातला मोजणीचा दिवस तेवढा घ्या, साखळी धरलेले दोघं भाऊ घ्या, आणि पुन्हा तीन वाक्यांपासून सुरुवात करा.

खर्डा झाला की ते काम करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. कथा आवडली का ते विचारू नका, असं होतं का ते विचारा. वेचणारी बाई सांगेल की दगड मधोमध ठेवतात, कडेला ठेवला तर हाताला लागतो. ती माहिती कथेत आली नाही तरी चालेल, पण ती ज्या वाक्यावर हसली किंवा थांबली त्या वाक्याखाली खूण करा.

शीर्षक सगळ्यात शेवटी द्या. ‘दगड’ ठेवलं असतं तर सगळं लक्ष एका वस्तूवर गेलं असतं, ‘इमान’ ठेवलं असतं तर निकाल आधीच लागला असता. ‘अर्धा किलो’ काट्यालाही लागू पडतं, दगडालाही आणि सुनेच्या वहीलाही.